ओठ मिटलेले, दात सुटे

डोकं दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे मी नंतर बघतो, आधी हातांकडे बघतो. अर्धशिशीवाला एक पंजा कानशिलावर दाबून धरतो, डोळ्यांवर हात आडवा घेतो आणि खोलीतला दिवा बंद करता येईल का, असं विचारतो. दुसऱ्या जातीचा, म्हणजे ताणाच्या डोकेदुखीचा रुग्ण दोन्ही हात उचलतो. बोटं कपाळावरून निघतात, कानांच्या वरून मागे जातात आणि मानेच्या खाचेत येऊन थांबतात. "इथून असं, पूर्ण गोल. कुणी आवळून बांधल्यासारखं." कुणी त्याला पट्टा म्हणतं, कुणी हेल्मेट, आमच्याकडची जुनी मंडळी फेटा म्हणतात. हात असे गोल फिरले की निदान निम्मं झालेलं असतं. उरलेलं निम्मं मात्र फार वेळ खातं, कारण ते डोक्यात नसून त्या माणसाच्या दिवसात कुठेतरी असतं.

तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. डोक्याभोवतीच्या या पट्ट्याबद्दल बोलायचं तर एकाच बाईंबद्दल बोलावं लागेल. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे हलवले आहेत. त्यांना ताई म्हणू. वय पंचेचाळीसच्या पुढे, पतसंस्थेत कारकून, घरी सासू, नवरा आणि पुण्यात शिकणारा मुलगा.

माझ्याकडे येईपर्यंत त्या सगळीकडे जाऊन आल्या होत्या. चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. सायनस म्हणून वाफारे घेतले, पित्त म्हणून सकाळी आवळ्याचा रस घेतला. मानेचा एक्स-रे काढला, त्यात मणके झिजल्याचं निघालं आणि गळ्यात पट्टा आला. या वयातल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसण्याची शक्यता भरपूर. ज्यांचं आयुष्यात कधी डोकं दुखलं नाही त्यांच्या मानेतही ती असते. बीपी किंचित वाढलेलं निघालं तेव्हा घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, "बघ, बीपीचंच होतं." पण एवढ्यातेवढ्या बीपीनं डोकं दुखत नाही. उलट दुखणं आणि दवाखान्याची धास्ती यांनी ते दहावीस आकड्यांनी चढतं.

मी विचारलं ते प्रश्न साधे होते. ठणकतं की आवळतं? आवळतं. एका बाजूला की दोन्हीकडे? दोन्हीकडे. उलटी, मळमळ? नाही. टीव्हीचा आवाज, उजेड? आवाज थोडा नको वाटतो, उजेडाचं काही नाही. दुखत असताना जिना चढलात तर वाढतं का? यावर त्या हसल्या. "डॉक्टर, दुखत असताना मी पोळ्या करते, पाणी भरते, सासूबाईंचं बघते. थांबून कसं चालेल?" जगभरचे डोकेदुखीतज्ज्ञ जे निकष वापरतात, त्यांत नेमकं हेच लिहिलंय. दुखणं अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकतं, दोन्ही बाजूंना असतं, दाबल्यासारखं असतं, सौम्य किंवा मध्यम असतं आणि चालण्याचढण्यानं वाढत नाही. अर्धशिशीचा माणूस जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो. ताणाच्या डोकेदुखीवाला कुरकुरत वर जातो आणि वर जाऊन वाळत घातलेले कपडेही काढून आणतो. म्हणूनच घरात त्याच्या दुखण्याला कुणी किंमत देत नाही.

मग मी हात लावला. पहिली दोन बोटं जोडून, लहान गोल फिरवत, सारखा दाब देत स्नायू तपासायचे असतात: कपाळ, कानशिलं, जबड्याचा कोपरा, मानेच्या बाजू, खांद्याचा वरचा भाग. जबड्यावर त्यांनी डोळे मिटले. खांद्यावर "आई गं" म्हणाल्या. आणि कवटीखाली, मान जिथे डोक्याला मिळते तिथे दाबलं तेव्हा म्हणाल्या, "हेच! पण दाबताय मागे आणि दुखतंय पुढे, कपाळावर." यात चमत्कार काही नाही. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याकपाळाची मोठी नस, या दोन्ही मेंदूच्या देठापाशी एकाच ठिकाणी आपली खबर पोहोचवतात. खबर मागून आली की पुढून, हा गोंधळ तिथे होतो. मागचं दुखणं आणि पुढचं दुखणं असं जोडलं गेलं की माणसाला गोल पट्टा जाणवतो.

आता कुणालाही वाटेल, की स्नायू आखडले म्हणून डोकं दुखलं, संपला विषय. डॉक्टरांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं आणि या दुखण्याचं नावच स्नायू आकुंचनाची डोकेदुखी असं होतं. पण स्नायूंतली विद्युत हालचाल मोजायला लागल्यावर पंचाईत झाली. कित्येकांचं डोकं दुखत असताना स्नायू विशेष आखडलेले नव्हते, आणि ज्यांचे आखडलेले होते त्यांतल्या अनेकांना दुखत नव्हतं. 1988 साली आंतरराष्ट्रीय वर्गीकरण झालं तेव्हा तज्ज्ञांनी सावध नाव निवडलं: ताणाच्या प्रकारची डोकेदुखी. कारण ताणच, असं म्हणायचं टाळलं. पुन्हा पुन्हा सापडत राहिली ती एकच गोष्ट, स्नायूंचा हुळहुळेपणा. दाबलं की दुखतं, आणि जितके दिवस दुखणं जास्त तितकं दाबल्यावर जास्त.

महिन्यातून एखाददोन वेळा दुखत असेल तर गोष्ट बहुधा स्नायूंपाशीच थांबते. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि तेही तीन महिन्यांहून अधिक काळ, असं झालं की दुखण्याचा मुक्काम हलतो. मानेतून, कानशिलांतून रोज येणाऱ्या त्याच त्या खबरींनी मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणा चढून बसते. चोरी होऊन गेलेल्या वाड्यातलं कुत्रं जसं पुढे पान पडलं तरी भुंकतं, तसं तिचं होतं. एरवी ज्या दाबाची दखलही घेतली गेली नसती, तो आता दुखणं म्हणून पोहोचतो. म्हणून जुन्या दुखण्यात नुसता मसाज करून भागत नाही. मसाजानं तेवढी संध्याकाळ बरी जाते.

आणि या यंत्रणेला चढतं ठेवणारी गोष्ट म्हणजे काळजी.

ताईंना मी विचारलं, टेन्शन काही? "छे, टेन्शन वगैरे काही नाही. सगळं चांगलंय." त्या खोटं बोलत नव्हत्या. सतत काळजी करणाऱ्या माणसाला आपण काळजी करतो हे जाणवतच नाही. छाती धडधडत नाही, हात थरथरत नाहीत, घाम फुटत नाही. 1989 साली अमेरिकेत अशा स्त्रियांची मोजमापं घेतली गेली. त्यांच्या कपाळाचे आणि पोटरीचे स्नायू स्वस्थ बसलेल्या असतानाही इतरांपेक्षा ताठ होते, पण घामाशी निगडित असलेली त्वचेची प्रतिक्रिया मात्र इतरांपेक्षा कमी हलत होती. म्हणजे भीतीचा गाजावाजा नाही, नुसता अंगात मुरलेला ताठरपणा. याच लोकांवर आयुष्यभर काम केलेल्या थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की काळजी ही चित्रांपेक्षा शब्दांत जास्त चालते. गाडी उलटल्याचं दृश्य डोळ्यांपुढे आलं तर माणूस दचकतो. "पोचला असेल ना? फोन का नाही केला? मागच्या वेळी साडेनऊला केला होता" हे वाक्यांचं दळण मात्र दचकवत नाही. ते खाली चालू राहतं आणि वर पोळ्या होत राहतात.

म्हणून मी प्रश्न बदलला. मुलगा पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघाला की झोप कधी लागते? "पोचल्याचा फोन आल्यावर." संस्थेत रोकड जुळली नाही तर? "जुळतेच, पण जुळेपर्यंत घास उतरत नाही." सासूबाई पडल्या तर, नवऱ्याची बदली झाली तर, मुलाला नोकरी नाही लागली तर? सगळ्यांची उत्तरं तयार होती, प्रत्येकाची दोन-दोन पर्यायांसह. शेवटी त्या जरा रागानंच म्हणाल्या, "मी काळजी नाही करायची तर कुणी करायची? ह्यांना तर कशाचंच काही नसतं."

या वाक्यापुढे भले भले डॉक्टर हरतात. आमचा हुकमी सल्ला असतो, टेन्शन घेऊ नका. त्यांच्या कानांना तो "घर वाऱ्यावर सोडा" असा ऐकू येतो. काळजी हे त्यांच्या लेखी काम असतं, घरातल्या वाटणीत त्यांच्याकडे आलेलं. शिवाय दुखतंय ते खरं आहे, बोटाखाली सापडतंय, आणि डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. मग त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि बरोबरच करतात.

दुसरी अडचण डोक्यातल्या गाठीची. त्यांच्या गल्लीत एक जण मेंदूच्या गाठीनं गेला होता. तेव्हापासून पट्टा आवळला की पहिला विचार तोच. विचार आला की पट्टा आणखी आवळणार, म्हणजे गाठ नक्कीच. "एकदा स्कॅन करूया का?" त्यांनी तीनदा विचारलं. स्कॅन कधी करायचाच, याबद्दल मला शंका नसते. विजेसारखं एका क्षणात आलेलं, आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं. ताप आणि मान ताठ. हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळणं, झटका. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. खोकल्यावर वा आडवं झाल्यावर वाढणारं. आठवड्याआठवड्यानं चढत जाणारं. कर्करोग झालेल्या माणसाला नव्यानं सुरू झालेलं. यांतलं काहीही असेल तर आमच्या दवाखान्यात वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जावं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणंही वेगळं. त्यात कानशिलं दुखत असतील आणि घास चावताना जबडा भरून येत असेल, तर ती रक्तवाहिनीची सूज असू शकते. उशीर झाला तर त्यात दृष्टी जाते, आणि ती स्कॅनवर सोडून चालत नाही, रक्त त्याच दिवशी तपासावं लागतं.

ताईंचं यांतलं काहीच नव्हतं. दुखणं सहा वर्षांचं, एकाच चालीचं, आणि तपासणीत नसांचा दोष नाही. तरीही स्कॅन "मनाच्या समाधानासाठी" करावा का? लंडनमध्ये रोजच्या डोकेदुखीच्या रुग्णांवर हे करून पाहिलं होतं, 2005 साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना स्कॅन देऊ केला त्यांची धास्ती तीन महिन्यांनी कमी होती, पण वर्षानं दोन्ही गट सारखेच. काळजी परत आली होती. मात्र मुळात खूप चिंताग्रस्त असलेल्यांना स्कॅन दिल्यावर त्यांच्या पुढच्या दवाखान्यांच्या चकरा आणि खर्च कमी झाला. त्यामुळे स्कॅन मागणाऱ्याला हसून परत पाठवणं मी सोडलंय. ताईंना मी म्हटलं, आज नको, महिनाभर एक कागद भरा, मग दोघं मिळून ठरवू.

कागद म्हणजे डोकेदुखीची नोंद. तारीख, किती वाजता सुरू झालं, शून्य ते तीन यांतलं किती, कोणती गोळी किती, आणि शेवटच्या रकान्यात आधीचे दोन तास काय चाललं होतं. त्यांचा कागद कारकुनाच्या अक्षरातला, कुठे खाडाखोड नाही. तीस दिवसांत बावीस दिवस डोकं दुखलेलं. बहुतेक वेळा सुरुवात दुपारी चारच्या सुमाराला, रोकड मोजण्याच्या वेळी. रविवारही सुटलेले नव्हते. मुलगा रात्रीच्या गाडीनं आला त्या दोन्ही तारखांना, तो सुखरूप पोचल्यानंतर, दुसऱ्या दिवशी तिनाचं दुखणं. काळजीच्या वेळी नाही, काळजी उतरल्यावर. हे त्यांनीच मला दाखवलं, बोट ठेवून.

मला धक्का बसला तो गोळ्यांच्या रकान्यानं. एकोणीस दिवस गोळी, आणि तीही किराणा दुकानात सुटी मिळते ती, कॅफीन घातलेली मिश्र गोळी. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, आणि साधी पॅरासिटामॉल पंधरा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेत राहिलं, की गोळीच डोकं दुखवायला लागते. असर उतरला की दुखणं, दुखलं की गोळी. दुखणं तीव्र नसतं म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही, आणि गोळी स्वस्त असते म्हणून मोजत नाही.

ती गोळी एकदम बंद करायला सांगितली. पहिला आठवडा-दहा दिवस दुखणं वाढेल, हे आधीच सांगून ठेवलं. हे आधी सांगितलं नाही तर काळजीवाला माणूस तिसऱ्या दिवशी अँब्युलन्स बोलावतो. रात्री झोपण्याआधी तासभर अमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम, आणि गरजेप्रमाणे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दहानं वाढ. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, लघवीला अडखळणं, यांपैकी काही नाही ना, हे आधी विचारून घेतलं. तोंड कोरडं पडेल, सकाळी जरा गुंगी राहील, गुण यायला काही आठवडे लागतील, हेही सांगितलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन. "औषधाच्या दुकानातला म्हणाला ही डिप्रेशनची गोळी आहे. मला वेड लागलंय का?" गोळी बंद. मग त्यांना पुन्हा बोलावून सगळं समजावलं. नैराश्याला ही गोळी पुष्कळ मोठ्या मात्रेत दिली जात असे. या डोकेदुखीवर ती लागू पडते हे 1964 सालीच ऑस्ट्रेलियातल्या लान्स आणि करन या डॉक्टरांनी दाखवलं होतं. 1996 साली डेन्मार्कमध्ये नैराश्य नसलेल्या रुग्णांनाच घेऊन दोन गोळ्या पडताळल्या. ही जुनी गोळी लागू पडली, आणि निव्वळ नैराश्यासाठीची नवी गोळी पडली नाही. म्हणजे मन खुश करून नव्हे, तर वेदनेच्या चढलेल्या यंत्रणेवरच ती काम करते. एवढं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मग दुकानदाराला हे माहीत कसं नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण गोळी एकटी पुरत नाही. 2001 साली अमेरिकेत 203 लोकांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या गोळीनं साधारण 38 टक्के लोकांचं दुखणं निम्म्यावर आलं, नुसत्या ताण हाताळण्याच्या शिकवणीनं 35 टक्क्यांचं, दोन्ही मिळून 64 टक्क्यांचं. खोट्या गोळीनंही 29 टक्क्यांना गुण आला होता, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आकडे फसवतात.

ती शिकवणी आमच्या गावात द्यायला कुणी नव्हतं, म्हणून तिचे दोन तुकडे मीच शिकवले. पहिला जबड्याचा. विचारलं, आत्ता तुमचे दात एकमेकांवर टेकलेत का? टेकले होते. "मग कसे असतात?" स्वस्थ असताना ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी लागलेली. दात भिडायचे ते घास चावताना आणि गिळताना, दिवसभरात मिळून थोडाच वेळ. त्या थक्क झाल्या. मग संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक टिकली लावायची ठरली. टिकली दिसली की दात सुटे, खांदे खाली. घरी गॅसच्या वरच्या फरशीवर दुसरी टिकली. रात्री एडमंड जेकबसनची जुनी पद्धत: मूठ पाचसात सेकंद आवळायची आणि सोडायची, मग खांदे, मग कपाळ, मग जबडा. सगळं आखडून सोडताना सोडल्यावर कसं वाटतं ते शिकायचं असतं, कारण सैल म्हणजे काय हेच या लोकांच्या अंगाला आठवत नाही.

दुसरा तुकडा बोर्कोवेकचा, आणि तो ताईंना पहिल्यांदा थट्टा वाटला. काळजी करू नका असं नाही, करा. पण रोज एकाच वेळी, एकाच जागी, अर्धा तास. इतर वेळी काळजी आली तर एका शब्दात टिपून ठेवायची आणि म्हणायचं, साडेपाचला. त्यांनी जागा निवडली मागच्या दाराची पायरी, झोपण्याची खोली मी मुद्दाम वर्ज्य केली होती. वही घेऊन बसायचं, प्रत्येक काळजीपुढे उद्या करण्यासारखं काही असेल तर लिहायचं, नसेल तर तशीच सोडून द्यायची. काळजी हे काम असेल तर त्याला कामाचे तास हवेत, हा हिशोब पतसंस्थेतल्या बाईला पटला. पहिल्या आठवड्यात वेळ पुरला नाही. नंतर कधीकधी दुपारी टिपलेला शब्द साडेपाचला वाचून त्यांनाच आठवेना, की हे काय होतं.

गोळी 30 मिलिग्रॅमपर्यंत नेली आणि तिथेच थांबलो, कारण पुढे सकाळची गुंगी त्यांना कामात चालेना. तिसऱ्या महिन्याच्या कागदावर दुखण्याचे नऊ दिवस होते, त्यांतले बहुतेक एकाचे. गोळीचे दिवस चार, साधी पॅरासिटामॉल. स्कॅनचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. याच काळात लक्षात आलं, की त्या नऊपैकी दोन दिवसांचं दुखणं वेगळं होतं. एका बाजूला, ठणकणारं, मळमळ, पाळीच्या तोंडावर. म्हणजे पट्ट्याखाली अर्धशिशीही लपलेली होती, जी रोजच्या दुखण्याच्या गर्दीत सहा वर्षं दिसली नव्हती. असं पुष्कळदा होतं. तिचं औषध वेगळं, ते वेगळं सुरू केलं.

सहा महिन्यांनंतर अमिट्रिप्टिलीन हळूहळू दहावर आणली. मार्चअखेरीस दुखण्याचे दिवस चौदापर्यंत चढले, एप्रिलमध्ये पुन्हा खाली आले, तेव्हा मात्रा वाढवली नाही. सासूबाई मधे न्हाणीत पडल्या, त्या आठवड्याचा कागद कोरा आहे. भरायला सवडच नव्हती, म्हणाल्या. मुलाला नोकरी लागली आहे, बंगळुरात, गाडी रात्रभराची. वही बदलून त्यांनी दोनशे पानी घेतली आहे.